शब्द तुमचे, विचार कुणाचा?

सबमिशनच्या आदल्या रात्री एक ठरावीक उद्योग जोरात चालतो. कुणाचं तरी वाक्य घ्यायचं, ‘महत्त्वाचे’च्या जागी ‘मोलाचे’ टाकायचं, वाक्याचं शेपूट पुढे आणायचं आणि म्हणायचं, ‘झालं, आता हे माझं!’ माझं म्हणणं असं, की यात दुहेरी नुकसान होतं. मूळ विचार मोडतो आणि ज्याचा तो विचार, त्याचं नावही पुसलं जातं.

एक उदाहरण घेऊ. निबंधाचा विषय आहे ‘लोकशाही आणि समता’. तुम्हाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९चं संविधान सभेतलं भाषण वापरायचंय. त्यात त्यांनी एक विसंगती दाखवली होती. २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात सगळे समान होतील, पण सामाजिक आणि आर्थिक आयुष्यात विषमता तशीच राहील. ती लवकरात लवकर दूर केली नाही, तर विषमता भोगणारेच राजकीय लोकशाहीचा डोलारा उद्ध्वस्त करतील, असा त्यांचा इशारा होता.

आता हा विचार निबंधात कसा उतरतो बघा. एक जण लिहितो, ‘आंबेडकरांच्या मते भारतात लोकशाही टिकणार नाही.’ नाव आहे, शब्दही स्वतःचे आहेत. पण मधला ‘तर’ गळाला! अटीवर दिलेल्या इशाऱ्याचं थेट भाकीत झालं. बाबासाहेब जे बोललेच नाहीत, ते त्यांच्या तोंडी घातलं गेलं.

दुसरी लिहिते, ‘भारतात राजकीय समता आली, पण सामाजिक समता आली नाही, म्हणून लोकशाही धोक्यात आहे.’ इथे नावच नाही. वाचणाऱ्याला वाटणार, हे निरीक्षण हिचंच. शिवाय १९४९ साली भविष्याकडे बघून केलेलं विधान गुपचूप आजच्या काळात आणून ठेवलंय. ते आज लागू पडत असेलही, पण तो तुमचा दावा झाला. तो तुम्हीच वेगळ्या वाक्यात मांडायला हवा आणि सिद्धही करायला हवा.

मग नीट कसं लिहायचं? माझ्या मते असं: ‘२५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी इशारा दिला होता, की समता फक्त मतदानापुरती राहिली आणि समाजातली, पैशापाण्यातली दरी लवकर बुजवली नाही, तर तिची झळ सोसणारेच ही राजकीय व्यवस्था मोडतील.’ कोण बोललं, कधी बोललं, कुठल्या अटीवर बोललं, सगळं शाबूत आहे. ‘म्हटले’ऐवजी ‘इशारा दिला’ लिहिल्यामुळे मूळ सूरही राहिला. पुढचं वाक्य ‘आज याकडे पाहताना मला वाटतं’ असं सुरू केलंत, की त्यांचं कुठे संपलं आणि तुमचं कुठे सुरू झालं, हे लगेच कळतं.

हे जमायला एक साधी रीत आहे. मूळ परिच्छेद दोनदा वाचा आणि पान मिटा. मित्राला सांगतोय असं समजून तो विचार लिहून काढा. मग पान उघडून ताडून बघा: जर-तर राहिले का, ‘काही’चं ‘सगळे’ झालं का, काळ बदलला का. समोर मजकूर ठेवून लिहिलं, की हात आपोआप फक्त शब्द बदलत बसतो.

आणखी एक गफलत नेहमी होते. याच भाषणात बाबासाहेबांनी जॉन स्टुअर्ट मिल यांचा एक सल्ला सांगितला होता: माणूस कितीही थोर असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका. सांगताना त्यांनी मिल यांचं नाव घेतलं होतं. आपण मात्र हा विचार बिनधास्त बाबासाहेबांच्या नावावर खपवतो. तुम्ही मिल वाचले नसतील, तर ‘आंबेडकरांनी उद्धृत केलेला मिल यांचा विचार’ असं लिहा. त्यात कमीपणा कसला?

‘पण मी तर इंग्रजीतून मराठीत आणलं, मग ते माझंच ना?’ नाही. भाषा बदलली, मालक नाही. वाक्याला वाक्य लावून भाषांतर केलं असेल, तर अवतरणचिन्हं द्या आणि भाषांतर तुमचं असल्याचंही सांगा. परीक्षेच्या पेपरात वक्त्याचं नाव आणि प्रसंग वाक्यातच आला तरी पुरे. प्रोजेक्टमध्ये मात्र तळटीप हवी. हे भाषण संविधान सभेच्या चर्चांच्या अकराव्या खंडात सापडतं.

आणि कधी कधी मूळ शब्दच इतके नेमके असतात, की बदलले तर धार जाते. तिथे स्वतःचे शब्द घालायचा हट्ट सोडा. सरळ अवतरण द्या, नाव लिहा आणि पुढे जा.