लस बिघडली का? ठिपक्याला विचारा

वीज काही तास गेली, फ्रिज तापला. आतल्या लसी टाकाव्यात का? बहुतेक ठिकाणी याचे उत्तर अंदाजाने दिले जाते. खरे तर हा बारावीच्या रसायनशास्त्रातला प्रश्न आहे.

लसीची ताकद कमी होणे ही साधारणपणे प्रथम कोटीची अभिक्रिया मानतात. म्हणजे दररोज ठरावीक मात्रा नष्ट होत नाही, तर जेवढी उरली आहे तिचा ठरावीक हिस्सा नष्ट होतो. हा हिस्सा ठरवतो वेग स्थिरांक. कुपीत लस कमी आहे की जास्त, याने तो बदलत नाही; तापमानाने मात्र बदलतो. किती बदलतो, हे सक्रियण ऊर्जेवर, म्हणजे रेणू बिघडण्याआधी ओलांडाव्या लागणाऱ्या उंबरठ्यावर अवलंबून असते. उंबरठा जितका उंच, तितका उष्णतेचा परिणाम तीव्र.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची मेनआफ्रिव्हॅक ही मेंदूज्वराची लस घ्या. आफ्रिकेतल्या मोहिमांसाठी बनलेल्या या लसीच्या कुपीवर ‘व्हीव्हीएम ३०’ प्रकारचा ठिपका असतो. उष्णता साठत जाते तसा त्यातला आतला चौकोन गडद होतो. ३७ अंशांवर त्याची मर्यादा ३० दिवसांत संपते, २५ अंशांवर १९३ दिवसांत. म्हणजे १२ अंशांत वेग सहापटींहून अधिक वाढला. यावरून सक्रियण ऊर्जा मोलमागे सुमारे १२० किलोज्यूल निघते. ‘दर १० अंशांना वेग दुप्पट’ हा लोकप्रिय नियम त्यापेक्षा निम्म्याहून कमी ऊर्जेला लागू पडतो. इथे तो फसवा ठरेल.

हेच गणित पुढे नेले, तर ४० अंशांवरचे ४ दिवस म्हणजे ३७ अंशांवरचे सुमारे ६ दिवस. ठिपक्याच्या आयुष्याचा हा जेमतेम पाचवा भाग. २०१२ मध्ये या लसीला ४० अंशांपर्यंत ४ दिवस बर्फाविना नेण्याची परवानगी मिळाली, ती स्थिरतेच्या अशाच मोजमापावर. तोंडाने द्यायच्या पोलिओ लसीच्या ठिपक्याची मर्यादा मात्र ३७ अंशांवर २ दिवसांतच संपते. एकाची सवलत दुसरीला देता येत नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: वीज गेली म्हणून सगळे फेकू नये आणि ‘हाताला गार लागते’ म्हणून वापरूही नये. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल आणि मुदत संपली नसेल, तर उष्णतेच्या दृष्टीने कुपी वापरण्याजोगी आहे. दोन्हींचा रंग सारखा झाला, की ती बाद.

एक गोष्ट मात्र हा ठिपका सांगत नाही: गोठणे. गणितानुसार जितके थंड तितके चांगले. पण अॅल्युमिनियम क्षार असलेल्या लसी गोठल्या की त्यांचे कण एकत्र चिकटतात आणि लस निकामी होते. अशा कुप्या फ्रीझरला चिकटवून ठेवणे हे उकाड्याइतकेच घातक आहे, आणि तिथे ठिपका फिकाच राहील.