वर्णनात शब्दांचं तण माजवू नका



कपाशीला पात्या-फुलं लागली की यूट्यूबवर बोंडअळीच्या व्हिडिओंचा पाऊस सुरू होतो. व्हिडिओ आपल्याच शेतकरी भावांचे असतात आणि माहितीही बरेचदा चांगली असते. पण खालचं वर्णन, म्हणजे डिस्क्रिप्शन, उघडलं की डोकं फिरतं. मासला असा असतो:

"नमस्कार शेतकरी मित्रांनो, आपल्या चॅनेलवर मनापासून स्वागत. लाईक करा, शेअर करा, सबस्क्राईब करा, बेल दाबा. कापूस, कापूस फवारणी, कापूस बोंडअळी, कापूस बोंडअळी फवारणी, सोयाबीन भाव, कांदा भाव आजचे, पीक विमा, पीएम किसान हप्ता, हवामान अंदाज..."

पुढे अशाच वीस ओळी. व्हिडिओ कामगंध सापळ्याचा आणि वर्णनात कांद्याचा भाव! विचारलं तर म्हणतात, "दादा, कीवर्ड टाकल्याशिवाय व्हिडिओ चालत नाही." मी म्हणतो हे साफ खोटं आहे, आणि वरून शेतकऱ्याचं नुकसान करणारं आहे.

आधी पहिल्या दोन ओळींचं बघू. मोबाईलवर व्हिडिओ चालू असताना पूर्ण वर्णन कुणाला दिसत नाही, ते दाबून उघडावं लागतं. पण आपल्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी लिंक टाकली की फोटो आणि शीर्षकाखाली वर्णनाची सुरुवात दिसते. गुगलवर किंवा संगणकावर शोधलं तरी तिथे असाच छोटा तुकडा येतो. वर्णनाला ५००० अक्षरांची जागा आहे, पण माणूस व्हिडिओ उघडायचा की नाही हे ठरवतो तेव्हा त्याच्यासमोर एवढा तुकडाच असतो. त्या मोक्याच्या जागेवर तुम्ही "मनापासून स्वागत" लिहून ठेवता. औषधाच्या डब्यावर औषधाचं नाव आणि प्रमाण सोडून दुकानदाराचा नमस्कार छापला तर चालेल का?

तिथे काय पाहिजे? कोणतं पीक, कोणती अडचण, किती दिवसांचं पीक आणि व्हिडिओत काय करून दाखवलंय. सापळ्याच्या व्हिडिओचं वर्णन मी असं लिहीन:

```
कपाशी ४५ दिवसांची झाली की गुलाबी बोंडअळीवर लक्ष ठेवायला
एकरी २ कामगंध सापळे कसे लावायचे, पतंग कसे मोजायचे.
कोरडवाहू कपाशी, काळी जमीन, जिल्हा यवतमाळ, ऑगस्ट २०२५.

या अळीला शेंदरी बोंडअळी किंवा pink bollworm म्हणतात.
सापळा म्हणजे फेरोमोन ट्रॅप. तो पिकाच्या शेंड्याच्या
साधारण एक फूट वर ठेवा. सलग ३ रात्री दर सापळ्यात
८ किंवा जास्त पतंग आले तर फवारणीचा निर्णय घ्यायची वेळ झाली.

00:00 सापळा जोडणे
01:40 शेतात कुठे लावायचा
03:15 पतंग मोजणे

डोमकळी कशी ओळखायची, याचा व्हिडिओ:
https://youtu.be/...

#गुलाबीबोंडअळी #कपाशी #कामगंधसापळा
```

आता यात नीट बघा. गुलाबी बोंडअळी, शेंदरी बोंडअळी, pink bollworm, कामगंध सापळा, फेरोमोन ट्रॅप, सगळे शब्द आले. कुणी गुलाबी म्हणतो, कुणी शेंदरी, कृषी सेवा केंद्रात इंग्रजी नाव चालतं. हे तिन्ही लोक तीन वेगळ्या शब्दांनी शोधतात, म्हणून तिन्ही शब्द पाहिजेतच. पण एकेकदा, आणि अर्थ असलेल्या वाक्यात. "कापूस फवारणी" दहा वेळा लिहून दहापट लोक येत नाहीत. उलट, वर्णनात टॅगची रास ओतणं यूट्यूबच्या नियमांविरुद्ध आहे आणि त्यासाठी व्हिडिओ काढून टाकता येतो.

महिना आणि जिल्हा का लिहायचा? बोंडअळीचा सल्ला पिकाच्या वयावर असतो. दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ "आजची फवारणी" म्हणून ग्रुपवर फिरतो, कुणीतरी तो बघून पतंग न मोजताच पंप पाठीवर घेतो आणि औषधाचे पैसे मातीत जातात. तारखेची एक ओळ असती तर तो दोन मिनिटं थांबला असता.

वेळेच्या त्या तीन ओळीही कामाच्या आहेत. पहिली 00:00 पासून असावी, कमीत कमी तीन असाव्यात, क्रमाने असाव्यात आणि प्रत्येक भाग निदान १० सेकंदांचा असावा. मग व्हिडिओचे भाग पडतात आणि बांधावर उभा असलेला माणूस थेट मोजणीवर जातो.

लिंकचं म्हणाल तर एक-दोन पुरे. ती https:// सकट पूर्ण टाका आणि ती दाबल्यावर काय मिळेल हे तिच्या आधी लिहा. लहान केलेली, आडनाव नसलेली लिंक कुठे नेते ते कळत नाही, आणि फसवणुकीच्या या दिवसांत शहाणा माणूस ती दाबत नाही. औषधविक्रीची लिंक असेल आणि तुम्हाला त्यात कमिशन असेल तर तसं उघड लिहा, लपवू नका. शॉर्ट्सच्या वर्णनातली लिंक तर दाबताच येत नाही, तिथे टाकून उपयोग नाही.

हॅशटॅगवर सगळ्यात जास्त अंधश्रद्धा आहे. यूट्यूब वर्णनातले जास्तीत जास्त तीन हॅशटॅग शीर्षकाजवळ दाखवतं. एका व्हिडिओवर ६० पेक्षा जास्त टाकले तर सगळेच सोडून देतं, एकही धरत नाही. शब्दांत जागा सोडू नका. "#गुलाबी बोंडअळी" लिहिलं तर हॅशटॅग फक्त "गुलाबी" एवढाच होतो, आणि त्यावर साडीचे आणि लिपस्टिकचे व्हिडिओ येतील. कापसाच्या व्हिडिओवर #पीएमकिसान टाकणं म्हणजे हप्त्याची वाट बघणाऱ्या माणसाला फसवून आत ओढणं. तो दहा सेकंदांत निघून जातो. तुमच्या पदरात काय पडलं?

आता कुणी म्हणेल, "अमक्याने एवढी भरताड केली, तरी त्याचे व्हिडिओ लाखांत चालतात." चालतात ते शीर्षकावर, फोटोवर आणि लोक शेवटपर्यंत बघतात म्हणून. भरताड असूनही चालतात, भरताडीमुळे नाही. मी असंही म्हणत नाही की चांगलं वर्णन लिहिलं की व्हिडिओ धावेल. वाईट व्हिडिओला वर्णन वाचवत नाही. वर्णनाचं काम एवढंच की ज्याला सापळ्याची माहिती हवी आहे त्याला ती सापडावी आणि बाकीच्यांचा वेळ जाऊ नये.

खात्री करायची तर YouTube Studio मध्ये जा, व्हिडिओचं Analytics उघडा आणि Traffic source मध्ये YouTube search बघा. लोक कोणते शब्द टाकून तुमच्यापर्यंत आले ते तिथे दिसतं. तिथे "शेंदरी अळी" दिसली आणि तुमच्या वर्णनात तो शब्द नसेल तर एका वाक्यात घाला. कांद्याच्या भावाच्या शोधातून कुणी आलंय का तेही बघा. येणार नाही. मग ती ओळ आजच उपटून टाका, आणि "कीवर्डचं पॅकेज" विकायला येणाऱ्याला पैसे देण्याआधी हाच आकडा त्याच्या तोंडासमोर धरा.