सुट्टीच्या दिवशी लिहिलेल्या चार ओळी

रविवारी रात्री जेवणे आटोपल्यावर, स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या पैशाने भरलेल्या रिचार्जवर एखाद्याने आपल्या कंपनीबद्दल चार ओळी लिहिल्या, तर सोमवारी कंपनीला त्याचा जाब विचारता येतो का? नोकरदार माणसाचे उत्तर ठरलेले असते : मी ड्यूटीवर नव्हतो. हे उत्तर एके काळी पुष्कळसे पुरत होते. आज ते पुरत नाही.

पुरत होते असे म्हणायला आधार आहे. ग्लॅक्सो कंपनीच्या मेरठमधील प्रकरणात १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचा मुळापासून विचार केला. संपाच्या काळात कारखान्याबाहेर सहकाऱ्यांशी दांडगाई केल्याचा कामगारांवर आरोप होता. कारखान्याच्या स्थायी आदेशांत 'आस्थापनेच्या आवारात किंवा आवारालगत' केलेले बेशिस्त वर्तन गैरवर्तन मानले होते. न्यायालयाने हे शब्द काटेकोरपणे वाचले. आवाराबाहेर जे घडले त्याला देशाचा सर्वसाधारण कायदा आहे. मालक हा कामगारांचा गुरू नव्हे आणि गावच्या कायदा-सुव्यवस्थेचा राखणदारही नव्हे, अशा अर्थाचे खरमरीत भाष्य न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी केले. कुंपणाच्या आत मालकाची सत्ता आणि कुंपणाबाहेर माणूस मोकळा, अशी ही रेषा होती.

पण ही रेषा त्या विशिष्ट शब्दांवर उभी होती, हे बहुतेकजण विसरतात. ज्या नियमांत आवाराचा उल्लेखच नाही तिथे ती उपयोगी पडत नाही. बँकांचेच पाहा. लिपिक आणि शिपाई वर्गासाठी झालेल्या द्विपक्षीय करारात 'बँकेच्या हिताला बाधक असे कोणतेही कृत्य' हे गंभीर गैरवर्तन आहे. ते कुठे आणि किती वाजता केले याचा तिथे प्रश्न नाही. अधिकाऱ्यांसाठी १९७६चे वर्तणूक नियम आले आणि त्यांत अधिकाऱ्याला न शोभणारे काही करू नये, अशी ऐसपैस तरतूद आहे. या नियमांशी माझा जुना परिचय आहे. कादंबऱ्या लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला तो करून घ्यावाच लागतो. शुद्ध साहित्यिक लेखनाला त्यांत सवलत असते. मात्र कादंबरीतल्या शाखाधिकाऱ्याचे नाकडोळे खऱ्या साहेबाशी जुळले, तर ते साहित्य की टीका हे ठरवणारा तोच साहेब असतो!

अशा ऐसपैस नियमांना न्यायालयाने मान्यता दिलेली आहे. कर्नाटकातील लघुउद्योग विकास महामंडळाच्या एका कर्मचाऱ्याने महामंडळाच्या प्रमुखाविरुद्ध राज्यपालांना पत्र लिहिले आणि वृत्तपत्रांना निवेदन दिले. तो संघटनेचा पदाधिकारी होता. त्याला बडतर्फ केले गेले आणि १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी कायम ठेवली. संस्थेच्या हिताला वा प्रतिष्ठेला बाधक वर्तन हा शिस्तीचा प्रश्न आहे, अशी त्यामागची भूमिका होती. तेव्हा वृत्तपत्रांपर्यंत पोहोचायला पत्रक छापून फिरावे लागे. आता अंगठा पुरतो. त्यामुळे जे नियम दहा वर्षांतून एखाद्यावर चालत, ते आता कुणावरही चालवता येतात.

म्हणून २०२३ सालचे दोन निर्णय शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. पहिला मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाचा. तमिळनाडू ग्राम बँकेच्या एका कर्मचाऱ्याने सहकाऱ्यांच्या खाजगी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वरिष्ठांच्या निर्णयांची टर उडवली आणि बँकेने त्याला आरोपपत्र दिले. न्यायमूर्ती जी. आर. स्वामिनाथन यांनी ते रद्द केले. चार सहकारी जमले की साहेबाविषयी बोलतातच. मनातली वाफ बाहेर काढण्याचा माणसाला हक्क आहे, आणि घरात बसून झालेल्या गप्पांना जे संरक्षण ते बंद ग्रुपलाही, असा त्या निर्णयाचा सूर आहे. दुसरा आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचा. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत वेतनकराराचा वाद चालू असताना एका कामगाराने फेसबुकवर दोन मजकूर टाकले. चौकशीअंती तो बडतर्फ झाला. कामगार न्यायालयाने चौकशी रीतसर झाल्याचे मान्य करून तिचे निष्कर्ष मात्र चुकीचे ठरवले. उच्च न्यायालयाने कामगार न्यायालयाचा तो आदेश रद्द केला. मजकुराचा हेतू व्यवस्थापनाविरुद्ध द्वेष भडकवण्याचा होता आणि परिणाम घडेपर्यंत थांबण्याची गरज नाही, असे न्यायालयाने म्हटले.

दोन निर्णयांत विसंगती दिसते तेवढी नाही. एकात बंद खोली होती, दुसऱ्यात चव्हाटा. एकात कुरकुर, दुसऱ्यात न्यायालयाला दिसलेली चिथावणी. तरीही परिणामाची वाट न पाहण्याचा मुद्दा मला खटकतो. वेतनकराराच्या तणावात कामगाराची भाषा तिखट असणारच. ती वाचून कुणी काम थांबवले, कुणी अंगावर धावले, की नुसतेच व्यवस्थापनाला झोंबले, हे पाहिल्याशिवाय हिताला बाधा म्हणजे काय हे ठरणार कसे?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी एक रोखपाल आहे. तो लिहितो, 'आमच्या शाखेत तीन महिने दोघांचे काम एकटा करतोय.' हे खरे असेल तर ती कामाच्या अटींविषयीची तक्रार आहे. बँकेला ती लाजिरवाणी असली तरी आरोपपत्राचा विषय होऊ नये. तो पुढे लिहितो, 'अमुक साहेब पैसे घेतल्याशिवाय कर्ज देत नाहीत.' आता एका माणसाचे नाव घेतले गेले. पुरावा असेल तर दक्षता विभागाकडे जायचा मार्ग त्याला ठाऊक आहे. तो सोडून त्याने गावासमोर नाव घेतले, तर आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते आणि इथे बँकेची कारवाई मला रास्त वाटते. मग तो काउंटरवरच्या गर्दीचा फोटो टाकतो आणि त्यात एका खातेदाराच्या पासबुकावरची शिल्लक वाचता येते. नोकरीवर रुजू होताना गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर त्याने सही केलेली असते. या फोटोला सबब नाही, मग तो कितीही निरागसपणे काढलेला असो. आणि एखाद्या महिला सहकाऱ्याविषयी रात्री अकरा वाजता अश्लील शेरा मारला, तर 'मी ड्यूटीवर नव्हतो' हे वाक्य त्याने उच्चारूही नये.

कुणी लिहिले हे सिद्ध करणे हा वेगळाच भाग आहे आणि बऱ्याच चौकश्या तिथेच लंगड्या पडतात. फिरत फिरत आलेला एक स्क्रीनशॉट, त्यावर ना तारीख, ना दुवा; तो पहिल्यांदा कुणी काढला तो साक्षीला नाही; आणि आरोपपत्रात म्हटलेले असते, 'आपण बँकेची प्रतिमा मलिन केली.' कोणत्या शब्दांनी? कोणत्या कलमाखाली? खातेनिहाय चौकशीत पुराव्याचा कायदा जसाच्या तसा लागू होत नाही हे खरे, परंतु मूळ शब्द उद्धृत न करता माणसाने बचाव करायचा तरी कशाचा? आरोपपत्र हाती पडले की आधी हे दोन प्रश्न लेखी विचारावेत, आणि तोवर मूळ मजकूर पुसून टाकू नये. पुसल्याने आरोप जात नाही. आपली बाजू सांगणारा मागचापुढचा संदर्भ मात्र जातो.

शिक्षेचे प्रमाण हाही प्रश्न उरतोच. बडतर्फी गैरवर्तनाच्या मानाने जबर असेल तर ती सौम्य करण्याचा अधिकार १९७१च्या दुरुस्तीने कामगार न्यायालयांना मिळाला होता. नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत तो न्यायाधिकरणाकडे आहे. कामगाराच्या व्याख्येत न बसणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र तो दरवाजा आजही बंदच आहे. त्याला आधी खात्यातले अपील, आणि बँक सरकारी असेल तर नंतर उच्च न्यायालय.