साडेनऊचा संदेश आणि रात्रीच्या फेऱ्या

दिवसभरात किती पाणी प्यायलो याची नोंद ठेवणारी ॲप आता घरातल्या ज्येष्ठांच्या मोबाइलवरही दिसू लागली आहेत. प्रत्येक पेल्यानंतर पडद्यावर एक टिचकी मारायची आणि रात्री नऊ-साडेनऊला दिवसाचा हिशेब वाचायचा, अशी ही पद्धत. पावलांचे उद्दिष्ट अपुरे राहिल्याचा संदेश आला, तर माणूस फार तर घरातल्या घरात चार फेऱ्या जास्त मारतो. पाणी अपुरे राहिल्याचा संदेश आला, की तो झोपण्याआधी तांब्या रिकामा करतो. या दुसऱ्या सवयीकडे गांभीर्याने पाहायला हवे.

समजा, ६८ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. रक्तदाबासाठी रोज एक गोळी घेतात. ॲपमध्ये त्यांनी ३ लिटरचे उद्दिष्ट ठेवले आहे. रात्री साडेनऊला संदेश येतो : ‘आज ६० टक्के. अजून १२०० मिलिलिटर बाकी.’ ते पाऊण तासात पाच पेले पाणी पितात, आकडा शंभर टक्क्यांवर जातो आणि ते समाधानाने झोपतात. निरोगी माणसाच्या शरीरात पाण्याची तूट नसेल, तर असे एकदम प्यायलेले पाणी साधारण दोन-तीन तासांत मूत्राशयात पोहोचते. तरुणपणी रात्री मेंदूतून एक संप्रेरक जास्त प्रमाणात स्रवते आणि लघवी कमी तयार होते. वयाबरोबर ही लय मंदावते. पुरुषांमध्ये प्रोस्टेट वाढलेली असेल तर भर पडतेच. त्यामुळे हे गृहस्थ बाराला, दोनला आणि चारला उठतात. झोपेतून एकदम उभे राहिल्यावर रक्तदाब खाली येतो, रक्तदाबाच्या गोळीने तो आणखी घसरू शकतो, आणि बाथरूमची फरशी ओली असते. खुब्याचे हाड मोडण्याच्या अनेक कहाण्या इथेच सुरू होतात.

आता त्या १२०० मिलिलिटरचा हिशेब पाहू. गृहस्थांनी टिचकी मारली ती फक्त पाण्याच्या पेल्यांना. त्याच दिवशी त्यांनी दोन कप चहा घेतला, म्हणजे अंदाजे २०० मिलिलिटर. दुपारी पेलाभर ताक, २३० मिलिलिटर. दोन वेळच्या वरण-आमटीच्या वाट्यांतून सुमारे २४०. शिजलेल्या भातात जवळजवळ दोन-तृतीयांश पाणीच असते. दोन वेळचा भात धरला तर २०० मिलिलिटर. भाजी, कोशिंबीर आणि पपईच्या फोडी मिळून आणखी २५०. बेरीज होते ११२० मिलिलिटर. चहाने लघवी थोडी वाढते हे खरे, पण रोज चहा घेणाऱ्यात त्यातले बहुतेक पाणी शरीराच्या कामी येते. संदेशात ‘बाकी’ दाखवलेले पाणी जवळपास सगळे ताटातून आधीच पोटात गेले होते.

ही गल्लत जुनी आहे. १९४५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या अन्न व पोषण मंडळाने प्रौढांसाठी दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी हे प्रमाण सांगितले होते. यातले बहुतेक पाणी तयार अन्नातूनच मिळते, हे वाक्यही तिथेच होते. पुढे आकडा लोकांच्या लक्षात राहिला, वाक्य गळून पडले. अडीच लिटर म्हणजे नुसते पिण्याचे पाणी, असा समज रूढ झाला आणि ॲपनेही तोच उचलला. शिवाय गरज रोज सारखी नसते. मे महिन्यात नागपुरात उन्हात काम करणाऱ्याला तासाभरात एक लिटर घाम येऊ शकतो. त्याला ३ लिटरही अपुरे पडतील. श्रावणात महाबळेश्वरला घरात बसलेल्याला तेच ३ लिटर जास्त होतील. ॲपचा आकडा दोघांना एकच संदेश पाठवतो.

जास्त पाणी पिऊन बिघडते काय, असा प्रश्न कोणी विचारेल. निरोगी मूत्रपिंडे जादा पाणी बाहेर टाकतात, पण त्यांनाही तासाला साधारण एक लिटरची मर्यादा असते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारा घटक असतो. अशा गोळ्या घेणाऱ्या काही ज्येष्ठांच्या रक्तातले सोडियम आधीच खालच्या पातळीवर असते. त्यात पाण्याचा मारा झाला की ते आणखी उतरते. मळमळ, डोकेदुखी, चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. घरच्यांना ती वयाची वाटतात, आणि रक्ततपासणी उशिरा होते. हृदय क्षीण झालेले, मूत्रपिंडविकाराचे किंवा यकृताच्या आजाराचे जे रुग्ण आहेत, त्यातल्या अनेकांना डॉक्टरांनी पाण्याची कमाल मर्यादा घालून दिलेली असते. किमान उद्दिष्ट मोजणारे ॲप त्यांना रोज रात्री उलट्या दिशेने ढकलते.

म्हणून नोंद ठेवणेच निरर्थक, असे मात्र नाही. वाढत्या वयात तहानेची जाणीव बोथट होते. उन्हाळ्यात अशा माणसाला दिवसा आठवण करून देणारे काही असणे चांगले. मुतखडा होऊन गेलेल्यांना तर मोजमाप औषधासारखे आहे. त्यांना दिवसाला सुमारे अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यायला सांगतात. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्के रुग्णांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला. नेहमीसारखे पाणी पिणाऱ्यांत हे प्रमाण २७ टक्के होते. खड्याच्या तरुण रुग्णाला झोपण्यापूर्वी एक पेला पाणी घ्यायलाही डॉक्टर सांगतात, कारण रात्रीची घट्ट लघवी खड्याला पोषक ठरते. रात्रीचा तोच पेला एकाला उपयोगी आणि दुसऱ्याला धोक्याचा असू शकतो. कोणाला काय, हे ॲपला ठाऊक नसते.

तेव्हा बदलायला हवी ती संदेशाची वेळ आणि त्यावरचा भरवसा. ॲपच्या सेटिंगमध्ये आठवणीची वेळ बहुधा बदलता येते. ती दुपारी चारवर आणावी. चारला कळलेली तूट रात्रीच्या जेवणापर्यंत सावकाश भरता येते. झोपण्याआधीचे दोन तास ज्येष्ठांनी तहान लागली तरच चार घोट घ्यावेत. रात्रीचा संदेश बंद करणे जमत नसेल, तर त्याकडे उद्याची सूचना म्हणून पाहावे.

आकडा बरोबर आहे का, हे दुपारच्या लघवीचा रंग सांगतो. सकाळची पहिली लघवी नेहमीच गडद असते, ती धरू नये. दुपारी रंग फिका पिवळा असेल आणि दिवसातून पाच-सात वेळा जावे लागत असेल, तर पाणी पुरेसे आहे, पडद्यावर साठ टक्के दिसत असले तरी. रंग गडद असेल तर पाणी वाढवावे. तो रोजच पाण्यासारखा पांढरा असेल आणि रात्री दोन-तीनदा उठावे लागत असेल, तर कमी करावे, आणि तरीही उठणे थांबले नाही तर साखर व प्रोस्टेट तपासून घ्यावी. हृदय, मूत्रपिंड वा यकृताचे दुखणे असलेल्यांनी ३ लिटरच्या जागी डॉक्टरांनी सांगितलेला आकडाच भरावा.