या मिळुनी

आमच्या शेजारची नववीतली मुलगी दीड वर्षापासून कीबोर्ड शिकते आहे. एकसष्ट पट्ट्यांचा साधा कीबोर्ड. लातुरात घरात खरा पियानो असलेलं माझ्या ओळखीत कुणी नाही, तेव्हा आपल्याकडे पियानो शिकणं म्हणजे बहुतेकांसाठी हेच. परवा ती आली ती तोंड पाडूनच. नवीन धड्यात उजव्या हाताने तीन सूर वाजवायचे होते आणि तेवढ्याच वेळात डाव्या हाताने दोन. शिकवणाऱ्यांनी चारदा वाजवून दाखवलं, "दोन्ही हात सुटे सोड" म्हणाले, आणि शेवटी "काहीजणांना हे जमतच नाही" असं सांगून पुढच्या मुलाकडे वळले. "आजी, मला नाहीच येणार का?" हा तिचा प्रश्न.

मी काही पियानोवादक नव्हे. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, त्यातली बरीच वर्षं नांदेडला. घरात पेटी होती, आणि निवृत्तीनंतर कीबोर्ड घेऊन मीही याच खड्ड्यात पडून झालं आहे. त्यामुळे "सुटे सोड" हा सल्ला ऐकला की मला राहवत नाही. हात सुटत नाहीत. ते सुटायला हवेत ही कल्पनाच चुकीची आहे.

विश्वास नसेल तर आत्ता टेबलावर दोन्ही तर्जन्या पुढे करून ठेवा. दोन्ही एकाच वेळी डावीकडे, मग दोन्ही एकाच वेळी उजवीकडे, अशा हलवा, बसच्या काचेवरच्या वायपरसारख्या. हळू असताना सोपं वाटेल. आता वेग वाढवत जा. एका क्षणी बोटं तुम्हाला न विचारताच बदलतील: दोन्ही आत, दोन्ही बाहेर, आरशातल्यासारखी. उलट प्रकार होत नाही. आरशासारखी हलणारी बोटं कितीही वेगात तशीच राहतात. स्कॉट केल्सो या शास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात हा प्रयोग नीट मोजमाप करून केला आणि तेव्हापासून तो प्रसिद्ध आहे. शिकणाऱ्यासाठी त्याचा अर्थ सरळ आहे. वेग वाढला की दोन्ही हात एकाच सोप्या साच्यात ओढले जातात. संथ वाजवायचं ते एवढ्याचसाठी. त्या वेगात ही ओढ कमी असते. पोरीने धीर धरावा म्हणून कुणी संथ वाजवायला सांगत नाही.

आता आपल्याकडची खास अडचण. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर असतो. तो उजव्यापेक्षा वेगळं काम करतो हे खरं, पण त्याला मात्रेवर पडायचं बंधन नसतं. श्वासासारखा तो आपल्या गतीने चालतो. कीबोर्डवर आल्यावर या हाताला काय करावं कळत नाही. आणि कीबोर्डमध्ये तयार ठेका वाजवायची सोय असते. डाव्या हाताने तीन पट्ट्या दाबून ठेवल्या की ढोल, बास, सगळं यंत्रच वाजवतं. गॅदरिंगला सिनेमाचं गाणं बसवायला ही सोय उत्तम. पण ज्या मुलाने वर्षभर असंच वाजवलं, त्याच्या डाव्या हाताने वर्षभरात एकही मात्रा स्वतः वाजवलेली नसते. माझ्या मते पहिलं वर्ष ते बटण बंदच असावं. आमच्या शेजारणीचंही हेच झालं होतं.

म्हणून तीन-दोनच्या आधी मी तिला एक लहान गोष्ट करायला लावली. पांढरी एक हा सा धरायचा. डाव्या करंगळीने खालचा सा दाबून चार मात्रा धरून ठेवायचा आणि उजव्या हाताने दर मात्रेला एक असे सा रे ग रे वाजवायचे. यात काय कठीण? कठीण हे की उजवं बोट उठलं की डावंही उठू पाहतं. पियानोच्या आवाजात हे लपून जातं, कारण तो सूर आपोआप विरत जातो. म्हणून आवाज बदलून ऑर्गनचा लावायचा. त्यात पट्टी दाबली आहे तोवर सूर तसाच वाजतो, आणि बोट चुकून सुटलं की भोक पडल्यासारखं ऐकू येतं. तिला पहिल्या दिवशी प्रत्येक आवर्तनात दोन भोकं ऐकू आली. सहाव्या दिवशी एकही नाही. मग हात बदलले, तर पुन्हा भोकं!

आता तीन विरुद्ध दोन. समजा पूर्ण वेळाचे सहा सारखे भाग केले. उजव्या हाताला त्यात तीन सूर बसवायचे, म्हणजे प्रत्येकी दोन भाग: ते पडतील १, ३ आणि ५ वर. डाव्या हाताला दोनच, म्हणजे प्रत्येकी तीन भाग: ते पडतील १ आणि ४ वर. तबला शिकलेल्यांनी इथे हसावं. सहा मात्रा म्हणजे दादरा, आणि डाव्या हाताच्या जागा म्हणजे दादऱ्याची सम आणि काल. उजवा हात त्याच दादऱ्यात एक सोडून एक मात्रेवर पडतो. तबल्याच्या वर्गात जिला आड म्हणजे दीडपट लय म्हणतात तीच ही, दोनच्या जागी तीन. तिथे मुलं आधी हातावर ताल धरून तोंडाने बोल म्हणतात, मग साजाला हात लावतात. कीबोर्डच्या वर्गात मात्र पहिल्या मिनिटापासून बोटं पट्ट्यांवर. नांदेडला शिखांच्या कीर्तनात पेटी-तबल्याची साथ ऐकत मी कितीतरी संध्याकाळी बसले आहे. लय अंगात आधी येते आणि बोटांत नंतर, हे तिथे बसूनही कळतं.

दोन्ही हातांचे आघात एकत्र लिहून काढा: १ वर दोन्ही, ३ वर उजवा, ४ वर डावा, ५ वर उजवा. २ आणि ६ रिकामे. म्हणजे ऐकू येणारी लय एकच आहे, चार आघातांची: लांब, आखूड, आखूड, लांब. मात्रांत सांगायचं तर दोन, एक, एक, दोन. हे कागदावर मांडलं आणि माझी मीच दचकले. हा तर भ गण आणि त्यापुढे एक गुरू! गुरू, लघु, लघु, गुरू. वृत्तांचे गण मुलांकडून घोकून घेण्यात माझी हयात गेली. या लगक्रमात बसणारे दोन शब्द शोधायला मग वेळ लागला नाही: "या मिळुनी". या दोन मात्रा, मि एक, ळु एक, नी दोन. बेरीज सहा. हे मोठ्याने म्हणायचं, आणि मध्ये न थांबता पुन्हा पहिल्यापासून.

तिला मी पहिले तीन दिवस कीबोर्ड उघडूच दिला नाही. मोबाइलवरचा मेट्रोनोम मिनिटाला ६० वर लावला, प्रत्येक टोल एक मात्रा, म्हणजे पूर्ण आवर्तन सहा सेकंदांचं. पहिल्या दिवशी फक्त म्हणायचं. दुसऱ्या दिवशी म्हणताना मांडीवर उजव्या हाताने फक्त या, मि, नी वर थाप. तेवढं पक्कं झालं की उजवा थांबवून डाव्याने फक्त या आणि ळु वर. तिसऱ्या दिवशी दोन्ही. म्हणणं चुकवायचं नाही, हात चुकला तरी चालेल. तोंड थांबलं की ती हमखास कोसळायची. चौथ्या दिवशी कीबोर्ड: उजव्या हाताचे अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांनी सा रे ग, डाव्याची करंगळी खालच्या सा वर आणि अंगठा प वर.

चूक कुठे होते तेही जवळजवळ ठरलेलं आहे. डाव्या हाताचा दुसरा सूर, तो ळु वरचा प, एकटा पडायला घाबरतो. तो उजव्याच्या रे बरोबर किंवा ग बरोबर जाऊन चिकटतो. कानाला ओळखायची खूण ही की चार आघातांऐवजी तीनच ऐकू येतात. दुसरी चूक जास्त फसवी. चारही आघात येतात, पण मि आणि ळु फार लवकर उरकले जातात आणि नी वर विसावा घेतला जातो. तेव्हा उजव्या हाताचे तीन सूर समान राहत नाहीत. हे वाजवताना कळत नाही. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून फक्त उजव्या हाताकडे कान देऊन ऐकायचं: सा रे ग हे तिन्ही सारख्या अंतराने येतात का? आमच्या मुलीचा ग घाईने येत होता. तिला मी काहीच बोलले नाही, फक्त ऐकवलं.

पुढचा वेग वाढवायचा तोही एका वेळी पाच-पाच टोलांनी. मात्रेचा वेग १८० झाला की सहा मोजणं थांबवावं आणि मेट्रोनोम ६० वर आणून त्याचा टोल डाव्या हाताला द्यावा. डाव्याचा सूर तीन मात्रांनी पडतो, म्हणून हिशोब तोच राहतो. इथपर्यंत तिला पाच आठवडे लागले. मग हात उलटे केले, डाव्याने तीन आणि उजव्याने दोन, तर जवळजवळ पुन्हा ६० पासून सुरुवात करावी लागली. लय तिला येत होती, पण हातांच्या वाटण्या बदलल्या होत्या.

या युक्तीला मर्यादाही आहे, ती सांगायला हवी. "या मिळुनी" म्हणत वाजवलं की प्रत्येक अक्षरावर ठोका पडतो आणि वाजवणं कवायतीसारखं होतं. देबुसी या फ्रेंच संगीतकाराची पहिली 'अराबेस्क' आहे, १८९०च्या सुमाराची. तिच्यात उजव्या हाताचे तीन-तीन सूर डाव्याच्या दोन-दोनवर वाहत जातात. ती ठोकून वाजवली तर ऐकवणार नाही. तिथे पोहोचेपर्यंत शब्द गळून जायला हवेत आणि फक्त उजव्या हाताची ओळ मनात गुणगुणता आली पाहिजे, डावा आपोआप चालला पाहिजे. ते माझं अजून व्हायचं आहे. आणि चार विरुद्ध तीनला बारा भाग लागतात, त्याला माझ्याकडे अजून चांगले शब्द नाहीत. कुणा वाचकाला सुचले तर जरूर कळवा.

एक आणखी. बोटांची तयारी म्हणून हॅनॉनच्या पुस्तकातले व्यायाम सगळीकडे देतात. बोटं मजबूत व्हायला ते ठीक आहेत. पण पहिल्या धड्यापासून त्यात दोन्ही हात एका सप्तकाच्या अंतराने तंतोतंत एकच वाजवतात. त्यातून तीन-दोन येईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

काल ती तोच धडा वाजवून गेली. वाजवताना ओठ हलत होते.