खोडलेला आकडा वाचता यावा

वाचकहो, जून 2020 मध्ये आपल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि त्याचे नमुने प्रयोगशाळांत गेले. या अंकात आम्ही त्याच पाण्याच्या एका साध्या चाचणीकडे, आणि तिच्या वहीकडे, पाहतो आहोत.

अल्कता मोजायची लेखी पद्धत अशी: 50 मिली नमुना, मिथाइल ऑरेंजचे दोन थेंब आणि ब्युरेटमधून 0.02 नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल. विहिरीच्या पाण्याला हे पुरतं. लोणारच्या पाण्याला मात्र 50 मिलीची अख्खी ब्युरेट रिकामी होते, तरी पिवळा रंग पिवळाच राहतो. मग एखादी विद्यार्थिनी 5 मिली नमुना घेते, डिस्टिल्ड वॉटर घालून 50 करते. समजा, 18.4 मिलीला रंग बदलला. उत्तर येतं लिटरला 3680 मिलिग्रॅम. वहीत 'नमुना 50' तसंच राहिलं, तर तेच 368 होतं, आणि खारं सरोवर कागदावर साध्या विहिरीसारखं दिसतं!

म्हणून '50' वर एकच रेघ हवी, आकडा वाचता येईल अशी. शेजारी '5 मिली, ब्युरेट संपली म्हणून', वेळ आणि सही. वाया गेलेलं पहिलं रीडिंगही तिथेच राहू द्यावं. नमुना पिपेटऐवजी मोजपात्राने घेतला असेल तर तेही लिहावं, कारण 5 मिलीत 0.1 मिली चुकलं की उत्तर 2 टक्क्यांनी सरकतं.

शिक्षक मंडळी अशा खाडाखोडीचे गुण कापतात, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. तुमच्या वहीतलं असं एखादं पान आम्हाला पाठवा, खाडाखोडीसकट.