आधी नमस्कार, मग ‘पत्रास कारण की’

इचलकरंजीत चिनी एअरजेट माग आता नवलाईचे राहिले नाहीत. माग घेताना मध्ये एजंट असतो, फोनाफोनी असते, जेवणं होतात. पण दोन वर्षांनी मागाचं कंट्रोल कार्ड जळतं, तेव्हा मालकाच्या हातात उरतो तो फक्त ईमेल. 2020 नंतर चिनी तंत्रज्ञांना व्हिसा मिळणं अवघड झालं, त्यामुळे तर या मेलचं वजन फारच वाढलं.

आणि आपण लिहितो काय? ‘डिअर सर, दोन कार्डं खराब. ताबडतोब पाठवा.’ उत्तर येतं, ‘आम्ही बघतो.’ मग आठवडा जातो. माग उभा, कामगाराची हजेरी बुडालेली आणि बँकेचा हप्ता चालूच.

माझं म्हणणं असं की इथे इंग्रजी कच्ची असण्यापेक्षा मजकुराचा क्रम उलटा असणं जास्त नडतं. अँडी कर्कपॅट्रिक या भाषाअभ्यासकाने चीनमधल्या श्रोत्यांनी रेडिओ ऑस्ट्रेलियाला पाठवलेली विनंतीपत्रं तपासली होती. त्यांचा सर्वसाधारण साचा असा निघाला: अभिवादन, मग आपुलकीचे दोन शब्द, मग कारणं आणि सगळ्यात शेवटी मागणी. मागणी आधी आली की ती हुकमासारखी वाटते. कारणं आधी आली की वाचणारा मागणीपर्यंत आपल्याबरोबर चालत येतो.

आता एक नमुना घेऊ. 24 मागांचा कारखाना, दोन माग बंद. वॉरंटी गेल्या महिन्यात संपलेली. कार्डं निम्म्या दरात आणि चिनी नववर्षाच्या सुट्टीआधी हवीत. हा मेल असा लिहावा:

विषय: कंट्रोल कार्ड, माग क्र. 7 आणि 15

‘मॅनेजर वांग, नमस्कार. मागच्या उन्हाळ्यात तुमच्या इंजिनिअरने व्हिडिओ कॉलवर दोन तास बसून आमचे माग सुरू करून दिले, ते आम्ही विसरलेलो नाही. 22 माग आजही उत्तम चालतात. नववर्षाच्या आधी तुमच्याकडे कामाची घाई असेल, याची कल्पना आहे.

7 आणि 15 नंबरच्या मागांची कार्डं 3 तारखेला बंद पडली. तुमच्या इंजिनिअरने सांगितलेल्या तपासण्या केल्या, फोटो आणि एरर कोड जोडले आहेत. वॉरंटी संपून तीन आठवडे झाले, हे आम्हाला मान्य आहे. पुढच्या वर्षी आणखी आठ माग घ्यायचा विचार आहे.

म्हणून विनंती, दोन्ही कार्डं निम्म्या दरात देता येतील का? सुट्टीआधी विमानाने निघाली तर मोठी मदत होईल. आपल्या सर्वांना नववर्षाच्या शुभेच्छा.’

यात तीन गोष्टी बघा. ‘वांग’ हे आडनाव. चिनी नावात ते आधी येतं आणि त्याला हुद्दा जोडून हाक मारणं हा तिथला आदर आहे. दुसरं, आपुलकीची वाक्यं तीनच आहेत आणि तिन्ही खरी आहेत. ‘तुमची महान कंपनी’ असलं लोणी कुणालाही कळतं. तिसरं, विषयाच्या ओळीत काम स्पष्ट आहे. सौजन्य मजकुरात असावं, विषय लपवू नये.

तारीखही महत्त्वाची. चिनी नववर्ष 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारीच्या दरम्यान येतं. कामगार त्याच्या आधीच गावी निघतात आणि कारखाने दोन-दोन आठवडे थंड असतात. सुट्टीच्या आदल्या दिवशी गेलेला गोड मेलही पडूनच राहतो.

याला मर्यादाही आहेत. त्याच दिवशी चौथा मेल जात असेल तर पुन्हा क्षेमकुशल नको. वीचॅटवरचे तरुण सेल्सवाले तर थेट मुद्द्यावरच येतात, त्यांच्याशी तसंच बोलावं. माल सदोष निघाला तर तारीख, फोटो आणि कराराचं कलम ठणकावून लिहावंच. फक्त माणसाची चारचौघांत अब्रू जाईल असं वाक्य टाळावं आणि त्याच्या साहेबाला पहिल्याच मेलमध्ये कॉपीत घालू नये. एवढं करून ‘आम्ही विचार करू’ असंच उत्तर पुन्हा आलं, तर तो बहुधा नकार समजावा आणि दुसरा पुरवठादार शोधायला लागावं.

काही जण म्हणतील, पैसे आपण मोजायचे आणि वर आर्जवंही आपणच करायची? अहो, हे आर्जव कसलं! आपल्या वाडवडिलांची पत्रं काढून बघा. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ आधी, खुशाली मग, आणि त्यानंतर ‘पत्रास कारण की’. उधारीची मागणीसुद्धा याच वाटेने जायची. ही रीत आपल्या घरचीच आहे. साहेबी व्यापारी पत्र शिकताना आपण ती सोडली. चीनला लिहिताना ती परत काढायला पैसे पडत नाहीत. बंद मागाचे मात्र रोज पडतात.